नव्या पगारातून टक्के वजा करून जुना पगार निघत नाही

"वाढीआधीचा पगार काढायची सोपी ट्रिक!! १) नव्या पगारातून वाढीचे टक्के वजा करा. २३,००० वजा १५% = १९,५५०. कॅल्क्युलेटरवर चेक करून बघा. २) दोन वर्षांची वाढ असेल तर टक्क्यांची बेरीज करून एकदाच वजा करा. ३) आकडा जुळला नाही तर समजा कंपनीने पैसे खाल्ले. सगळ्या नोकरदारांना पाठवा."

असले फॉरवर्ड मी एरवी डिलीट करून मोकळा होतो. पण हा फोंड्याला माझ्या मावसबहिणीकडे पोचला आणि तिने तो मनावर घेतला. तिचा मुलगा वेर्ण्याला एका प्लांटात आहे. एप्रिलपासून १५ टक्के वाढ, पत्र आलं जुलैत, पत्रात फक्त नवा पगार २३,००० आणि टक्के. मागच्या तीन महिन्यांचा फरक म्हणून स्लिपवर अ‍ॅरियर्सच्या ओळीत ९,००० आले. बाईने ट्रिक लावली, जुना पगार १९,५५०, म्हणजे वाढ ३,४५०, तीन महिन्यांचे १०,३५०, मग १,३५० गेले कुठे? चवथीच्या बाजाराचा हिशेब तिने त्या १०,३५० वर मांडलेला, त्यामुळे राग दुप्पट. "तू अकाउंट्समध्ये जाऊन भांड" असं पोराला सांगून झालं, वर मला फोन, "दादा, तक्रारीचं पत्र लिहून दे." अगो बाय, पोराच्या मोबाईलात मार्चची स्लिप आहे ती तरी उघडून बघायची! बघितली. २०,००० होते. एक पैसा कोणी खाल्लेला नाही.

आता पहिला मुद्दा, कारण सगळी घाण तिथेच आहे. वाढ देताना १५ टक्के काढले ते जुन्या पगाराचे. २०,००० चे १५ टक्के, ३,०००. फॉरवर्डवाला परत येताना १५ टक्के काढतो ते २३,००० चे, म्हणजे ३,४५०. आकडा मोठा झाला की त्याचे १५ टक्केपण मोठे होणार, त्यामुळे तो गरजेपेक्षा जास्त कापतो आणि जुना पगार नेहमी कमीच दाखवतो. नेहमी. आणि तुमचा जुना पगार कमी दिसला की वाढ जास्त दिसते, म्हणून लोकांना वाटतं की कंपनीने मधले पैसे गिळले.

बरोबर रीत अशी. जुना पगार १०० भाग धरा, तर नवा ११५ भाग. २३,००० ला ११५ ने भागलं की एक भाग २०० रुपये, त्याचे १०० भाग २०,०००. मोबाईलवर एवढंच टाइप करायचं:

```
23000 ÷ 1.15 = 20000
```

वाढ ८ टक्के असेल तर 1.08 ने भागायचं, साडेसात असेल तर 1.075 ने. इथे एक घोटाळा हमखास होतो, ५ टक्क्यांसाठी लोक 1.05 च्या जागी 1.5 टाकतात आणि २१,००० चा जुना पगार १४,००० काढून बसतात.

"कॅल्क्युलेटरवर चेक करा" हे तर फारच भारी. 23000 − 15% दाबलं की १९,५५० येणारच, कारण कॅल्क्युलेटर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो आणि तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारलाय. चेक करायचं असेल तर उलटं करा. १९,५५० वर १५ टक्के वाढ द्या, २२,४८२.५० येतात. पत्रात २३,००० आहेत. मग ट्रिक कुठे गेली?

अजून पटत नसेल तर पगार दुप्पट झालेला माणूस घ्या. २० चे ४० हजार झाले, वाढ १०० टक्के. ट्रिकप्रमाणे ४०,००० वजा १००% म्हणजे शून्य, बिचारा आधी फुकट राबत होता! आणि ज्या ग्रुपवर हे फिरतंय तिथे निम्मे रिटायर्ड सरकारी नोकर आहेत, त्यांच्यासाठी सातवा वेतन आयोग. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राचं किमान मूळ वेतन ७,००० वरून १८,००० झालं, गुणक २.५७, म्हणजे मूळ वेतनावर १५७ टक्के. १८,००० ला २.५७ ने भागा, ७,००४ च्या आसपास येतं, बरोबर जागेवर. ट्रिकने काय येतं? १८,००० मधून त्याचेच १५७ टक्के, २८,२६० वजा करा. उणे १०,२६०. शिपाई दर महिन्याला सरकारला दहा हजार देऊन कामावर यायचा असं म्हणायचंय का?

बरं, एक कबूल करतो, नाइलाजाने. वाढ छोटी असली की ट्रिक जवळपास पोचते. २१,००० मधून ५ टक्के कापले तर १९,९५० येतात, खरे २०,०००, फरक फक्त पन्नास रुपये. म्हणूनच लोकांना ती खरी वाटते. पण १० टक्क्यांच्या वाढीला चूक जुन्या पगाराच्या एक टक्का होते, २० टक्क्यांना चार टक्के. टक्के दुप्पट, चूक चौपट.

दुसऱ्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही. दोन वर्षं १०-१० टक्के मिळाले तर २०,००० चे २२,००० आणि मग २४,२०० होतात, दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वाढीवरपण मिळते. म्हणून २४,२०० ला 1.1 ने भागा, परत 1.1 ने भागा, झालं. बेरीज करून २० टक्के कापले तर १९,३६०.

तिसरा मुद्दा, आकडा जुळला नाही तर चोरी. बरोबर रीतीनेही कधीकधी आकडा तंतोतंत येत नाही आणि त्यात कोणाची चोरी नसते. सातव्या आयोगाच्याच तक्त्यात पहिल्या लेव्हलला १८,५०० नंतर १९,१०० आहे. वाढ ३ टक्के, पण रक्कम शंभराच्या पटीत केलेली. १९,१०० ला 1.03 ने भागलं तर १८,५४४ येतात, १८,५०० नाही. पाच-पन्नास रुपयांचा असा फरक दिसला तर तो राउंडिंगचा, भांडायला जाऊ नका.

फरक हजारांत असेल तर मात्र आधी बघा की टक्के कशावर दिलेत, कारण इथे भागाकार करणारेपण आपटतात. त्या १५७ टक्क्यांचंच घ्या, ते फक्त मूळ वेतनावर होते. त्या ७,००० वर तेव्हा १२५ टक्के महागाई भत्ता चालू होता, म्हणजे दोन्ही मिळून १५,७५० होतेच, आणि तो भत्ता नव्या १८,००० मध्ये मुरवला. म्हणून खरी वाढ १४.२९ टक्के. खाजगीतही हेच चालतं. समजा बेसिक १२,००० आणि भत्ते ८,०००, आणि पत्रात "१५ टक्के ऑन बेसिक" लिहिलंय. नवं बेसिक १३,८००, भत्ते तेवढेच, एकूण २१,८००. आता अख्ख्या २१,८०० ला 1.15 ने भागलं तर १८,९५७ येतात, चूक. फक्त १३,८०० ला भागायचं, १२,००० आले की त्यात भत्ते मिळवायचे, २०,०००. इन हँड रकमेला तर भागूच नका, पीएफ आणि बाकीची कपात दर वेळी त्याच प्रमाणात वाढेल असं नसतं. पत्रात बेसिक, ग्रॉस की सीटीसी यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर अकाउंट्सला विचारायचा प्रश्न तो आहे.