जादा कापलेला कर इथे का मिळत नाही

"अमेरिकेत लाभांशावर २५ टक्के कापले, मग ते सगळे इथे भारतातल्या करातून वजा का होत नाहीत?"

आमच्या चिपळुणातल्या भाचीचंच बघा. लाभांश १ लाख, तिकडे कापले २५ हजार. तिच्या एकूण उत्पन्नावर इथला कर सरासरी १२ टक्के पडतो, म्हणजे या लाखावर १२ हजार. सवलत तेवढीच. उरलेले १३ हजार बुडाले. पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत, पगारावरच्या करातूनही वळते होत नाहीत. ते दिले तर अमेरिकेच्या तिजोरीत गेलेला पैसा आपली तिजोरी परत करणार, असं होईल! दुहेरी कर टळावा एवढाच हेतू आहे. मात्र भारत-अमेरिका कर करारात ठरलेल्या दरापेक्षा जास्त कापलं असेल, तर तो फरक अमेरिकेकडेच मागायचा.