“इन्व्हाइट पाठवलंय, ॲक्सेप्ट कर” एवढंच लिहून मोकळं होणाऱ्या मुलामुलींसाठी

“आई, इन्व्हाइट पाठवलंय. ॲक्सेप्ट कर. दोन मिनिटांचं काम आहे.”

आज दुपारी सांगलीतल्या विश्रामबागच्या एका काकूंनी दुकानात येऊन मोबाइल काउंटरवर ठेवला आणि हा मेसेज दाखवला. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने गूगल वनचा शंभर जीबीचा प्लॅन घेतलाय आणि आईची गूगलवरची सारखी भरणारी जागा वाढावी म्हणून तिला फॅमिली ग्रुपमध्ये बोलावलंय. हेतू चांगलाच. पण त्याखाली आणखी तीन मेसेज होते. “झालं का?” “अगं झालं का?” आणि शेवटी, “सोड, तुला नाही जमायचं.”

तो शेवटचा मेसेज वाचून माझं डोकंच फिरलं. कारण काकूंनी सगळं बरोबर केलं होतं. मेल उघडला होता, निमंत्रण स्वीकारलं होतं, ग्रुपमध्ये त्यांचं नावही आलं होतं. तरी फोन “स्टोरेज फुल” म्हणतच होता, कारण मुलाने निमंत्रणच भलत्या खात्यावर पाठवलं होतं.

काकूंच्या फोनमध्ये दोन जीमेल खाती आहेत. एक फोन घेताना दुकानातल्या पोराने काढून दिलेलं, नावापुढे चार आकडे असलेलं. दुसरं मुलाने नंतर काढून दिलेलं, सुटसुटीत. मुलाच्या लक्षात अर्थातच आपलं राहिलं. पण फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप पहिल्यापासून त्या चार आकडेवाल्या खात्यात जातोय. भरलंय एक खातं, निमंत्रण मिळालं दुसऱ्या रिकाम्या खात्याला. आणि जमत नाही म्हणे आईला!

आपल्याकडच्या बहुतेक आईवडिलांच्या फोनमध्ये अशी दोन-तीन खाती निघतात. म्हणून निमंत्रण पाठवायच्या आधी एकच गोष्ट विचारायची: फोटो कोणत्या खात्यात जातात? गूगल फोटोज उघडायचं, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवायचं, तिथे इमेल दिसतो आणि किती जागा वापरली तेही दिसतं. मग व्हॉट्सॲपमध्ये Settings, त्यात Chats, त्यात Chat backup. तिथे Google Account समोर जो इमेल आहे तो बघायचा. दोन्हीकडे एकच इमेल असेल तर निमंत्रण त्यावरच पाठवा. वेगळे असतील तर आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप फोटोंच्या खात्यावर वळवा. आईला “तुझा इमेल सांग” म्हणू नका. ती बँकेच्या पासबुकात लिहिलेला सांगेल, आणि तो तिसराच असेल.

ही जागा भरते कशी, हेही आईवडिलांना कोणी सांगत नाही. गूगलची फुकट जागा 15 जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह, फोटोज या तिघांत मिळून. 1 जून 2021 पासून चढवलेले सगळेच फोटो त्यात मोजले जाऊ लागले. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप आधी मोजत नव्हते, 2024 मध्ये तोही धरायला लागले. रोज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारे फोटो त्या बॅकअपमध्ये जाऊन बसतात. म्हणजे आईने काहीच “केलेलं” नसतं, तरी जागा भरते.

आता मेसेज. एका मेसेजमध्ये एकच स्क्रीन, आणि उत्तर आल्याशिवाय पुढचा मेसेज नाही. काकूंच्या मुलाने मला विचारलं असतं तर मी त्याला असं लिहायला सांगितलं असतं:

“आई, सकाळी फोनवर बोललो ना, तेच काम आहे. Gmail उघड. वर उजव्या कोपऱ्यात गोल आहे, त्यावर बोट ठेव. तुझे दोन इमेल दिसतील. ज्यात चार आकडे आहेत तो निवड. झालं की ‘हो’ लिही.”

“आता वर शोधायची पट्टी आहे, तिथे family असं टाइप कर. माझं नाव असलेलं पत्र दिसेल. ते उघड. काही दाबू नको. पाठवणाऱ्याच्या नावाखाली to me असं आहे, फक्त त्यावर बोट ठेवलं की त्याचा इमेल दिसतो. तो @google.com ने संपतो का ते बघ आणि मला सांग.”

“पत्रात Accept invitation असं बटण आहे, ते दाब. नवीन पान उघडेल. त्या पानावर तुझा चार आकड्यांचाच इमेल दिसतोय का? दुसरा दिसला तर तिथेच थांब आणि मला फोन कर.”

“बरोबर असेल तर Get started दाब, मग Join family. पासवर्ड मागितला तर फक्त त्या पानावर टाक, मला पाठवू नकोस. कार्डाचा नंबर किंवा यूपीआय पिन यात कुठेच लागत नाही. मागितलाच तर सगळं बंद कर. काही बिघडणार नाही.”

फोन मराठीत असेल तर बटणांवरचे शब्दही मराठीत येतील, तेव्हा आधी विचारून घ्या. तिला Accept invitation शोधायला लावाल आणि तिच्या स्क्रीनवर तो शब्दच नसेल. पत्र सापडत नसेल तर Promotions आणि Spam मध्ये बघायला सांगा. फार दिवस पडून राहिलेलं निमंत्रण चालत नाही, ते नवीन पाठवावं लागतं. जुन्याच पत्रावर पन्नास वेळा टॅप करायला लावण्यात अर्थ नाही.

आणि हो, व्हॉट्सॲपवर नुसती लिंक टाकू नका, मेलमधून जायला सांगा. दोन कारणं आहेत. लिंक ब्राउजरमध्ये उघडते, आणि ब्राउजरमध्ये कोणतं खातं चालू आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, बहुतेक वेळा चुकीचंच असतं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वर्षभर आपणच अण्णांना बजावतो की अनोळखी लिंक उघडू नका, खातं रिकामं होईल. आणि मग आपणच एक लांबलचक निळी लिंक पाठवतो आणि त्यांनी विचारलं तर चिडतो. ते विचारतात हे बरोबरच करतात. काकूंनीही आधी मुलाला फोन लावला होता, खात्री करायला. त्याने उचलला नाही, मीटिंगमध्ये होता.

मान्य आहे, मीटिंग असते. पोरांना तिकडे श्वास घ्यायला वेळ नसतो, हेही खरं. आणि व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून हे काम लवकर होतं, तेही मान्य. पण मग कॉल तुम्ही करा, वेळ ठरवून करा आणि बँकेचे मेसेज समोर येणार नाहीत एवढं बघा. लिहिलेला मेसेज तरीही पाठवाच, कारण तो शिल्लक राहतो आणि अण्णांच्या फोनवर तेच करताना आईला उपयोगी पडतो.

काही वेळा सगळं नीट करूनही अडतं. तेव्हा दोष आईचा नसतो, नियमाचा असतो. एक माणूस एका वेळी एकाच फॅमिली ग्रुपमध्ये राहू शकतो. थोरल्याने आधीच आईला आपल्या ग्रुपमध्ये घेतलेलं असतं आणि धाकटी लेक कोल्हापूरहून दुसरं निमंत्रण पाठवते, ते लागणारच नाही. जुना ग्रुप सोडून नव्यात येता येतं, पण ग्रुप बदलणं बारा महिन्यांतून एकदाच. तेव्हा भावंडांनी आधी आपसात ठरवावं, आईला इकडून तिकडे फिरवू नये. मुलगा दुबईत किंवा अमेरिकेत असेल आणि त्याचं खातं तिकडच्या देशाचं असेल तर इथले आईवडील त्याच्या ग्रुपमध्ये येत नाहीत, सगळे एकाच देशातले लागतात. ऑफिसने किंवा कॉलेजने दिलेला इमेलही चालत नाही. आणि ग्रुपमध्ये तुम्ही धरून सहाच जण. काकूंचं रिकामं खातं असंच एक जागा अडवून बसलं होतं.

यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनची गोष्ट वेगळी. त्याचा नियम एका घरात, एका पत्त्यावर राहणाऱ्यांचा आहे. तुम्ही पुण्यात, आईवडील सांगलीत, तर ते त्यात बसत नाहीत. गूगल वनच्या जागेला ही एका पत्त्याची अट नाही.

आईने स्वीकारलं, तरी तिला जुनाच आकडा दिसतोय? मग आपला फोन हातात घ्या, तिचा नको. गूगल वनच्या सेटिंग्जमध्ये Manage family settings आहे, तिथे Share Google One with family हे चालू करावं लागतं. ते बंद असेल तर आई ग्रुपमध्ये येते, पण तिला जागा मिळत नाही. हे बटण तुमच्याकडेच असतं, सांगलीतून ते कोणालाही दाबता येत नाही. चालू केल्यावर आकडा लगेच बदलला नाही तर दुसऱ्या दिवशी बघा.

आईला अजून एक गोष्ट सांगा, ती विचारणार नाही पण तिच्या मनात असते. काकूंनी मला हळूच विचारलं, “म्हणजे माझे फोटो सुनेला दिसणार का हो?” नाही दिसणार. जागा वाटली जाते, फोटो नाही. ग्रुपमधल्यांना एकमेकांची नावं आणि इमेल दिसतात, आणि ग्रुप चालवणाऱ्याला कोणी किती जागा वापरली तो आकडा दिसतो. प्रत्येकाची फुकटची 15 जीबी आधी वापरली जाते आणि ती भरल्यावर पुढचं सामाईक जागेतून जातं. हे ऐकल्यावर काकू खुर्चीत जरा निवांत बसल्या. एवढा वेळ त्यांना हीच धास्ती होती, आणि मुलाला वाटत होतं की आईला बटण सापडत नाही.

त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला. त्याने रिकामं खातं ग्रुपमधून काढलं, चार आकडेवाल्यावर नवीन निमंत्रण पाठवलं, आणि शेअरिंगचं ते बटणही बंदच होतं, ते चालू केलं. पोरगा वाईट नाही. शेवटी आईला “सॉरी गं” म्हणाला, तेव्हा माझाही राग बराच उतरला.

पण त्याला जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण हे हमखास विसरलं जातं. उद्या प्लॅन बंद केलात, पैसे भरायचे राहिले किंवा आईला ग्रुपमधून काढलंत, तर ती परत 15 जीबीवर येते. तोपर्यंत तिचे बावीस-तेवीस जीबी झालेले असतील. तिचा डेटा त्याच दिवशी जात नाही, पण नवीन फोटोंचा बॅकअप थांबतो आणि जीमेलवर मेल यायचे बंद होतात. बँकेचे, पेन्शनचे, दवाखान्याच्या रिपोर्टचे. आणि दोन वर्षं तशीच मर्यादेबाहेर राहिली तर गूगल तो डेटा काढून टाकू शकतं. तेव्हा प्लॅन बंद करायच्या आधी आईला फोन करा आणि दिवाळीला घरी याल तेव्हा तिचे फोटो एका पेनड्राइव्हवर उतरवून द्या.