लेखी द्या

"साहेब, पाईप परत फुटलाय!!! गेटसमोर नुसता महापूर आलाय आणि आमच्या नळाला एक थेंब नाही. काल फोन केला तर कोणी उचलत नाही. तुम्ही लोक करता तरी काय?? लवकर पाठवा ना कुणाला तरी प्लीज." पुढे रागाने लाल झालेले तीन चेहरे आणि जोडलेल्या हातांच्या दोन जोड्या.

हा मजकूर मी पाणीपुरवठा विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यांना पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर मात्र दुपारी आलं: "लेखी द्या."

आता मी जे पाठवलं ते काय तोंडी होतं? पण सरकारदरबारी कागदावर उतरतं तेच लेखी, आणि त्यातही ज्याच्यावर शिक्का बसतो तेवढंच. आमच्या इमारतीत या विषयाचे एकच जाणकार आहेत, तळमजल्यावरचे अण्णा. त्यांची सगळी नोकरी एका कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर गेली. लोकांचे अर्ज वाचून वाचून त्यांचा मानवी स्वभावाबद्दलचा अंदाज फार खाली आलेला आहे.

मी मोबाइल पुढे केला. अण्णांनी मेसेज वाचला, परत वाचला आणि म्हणाले, "यात राग आहे, विनंती आहे, आरोप आहे. पाईप कुठे आहे?"

"गेटसमोर."

"कुणाच्या?"

मी गप्प. अण्णांनी पाठकोरा कागद ओढला आणि आमची शिकवणी सुरू झाली.

पहिला अडथळा 'साहेब' हाच होता. अर्ज माणसाला करायचा नसतो, पदाला करायचा असतो. माणूस बदलून जातो, पद खुर्चीला धरून बसतं. मी आवेशात म्हणालो, "थेट आयुक्तांनाच लिहितो." अण्णा म्हणाले, "लिही की. मग तो अर्ज वरून खाली येईल, टेबलामागून टेबल. इकडे पाणी खालून वर येतंय. दोघांची गाठ कधी पडेल ते तूच बघ." शेवटी 'मा. उपअभियंता, पाणीपुरवठा विभाग' असं ठरलं. आयुक्तांची बोळवण अर्जाच्या तळाशी झाली, 'प्रत माहितीस्तव'.

"आता पाईप कुठला फुटला ते सांग. मुख्य वाहिनी की आपली नळजोडणी?"

मला जमिनीखालचा प्रत्येक पाईप सारखाच वाटत आला आहे. पण अख्ख्या अर्जाचं भवितव्य या प्रश्नावर टांगलेलं होतं. जोडणीचा पाईप निघाला असता, तर 'तुमचा प्लंबर लावा' असा शेरा मारून कागद परत आला असता. मग दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला आम्ही दोघं मीटरच्या खड्ड्याशी जाऊन उभे राहिलो. अण्णांनी मीटरच्या पुढचा, म्हणजे इमारतीकडचा व्हॉल्व्ह बंद करायला लावला. मीटरचा काटा थांबला. बाहेरचं पाणी मात्र पूर्वीच्याच उत्साहाने वाहत होतं. याचा अर्थ, पाणी मीटरच्या आधीच निसटत होतं. पण एवढ्याने भागत नाही, कारण मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतचा तुकडाही जोडणीतच मोडतो. आमची जोडणी गेटच्या पश्चिमेने आत येते आणि पाणी उसळत होतं पूर्वेला. शिवाय समोरच्या इमारतीतही पाण्याचा जोर गेलेला होता. एका इमारतीचं पाणी कमी झालं तर दोष त्या इमारतीच्या जोडणीत असण्याचा संभव जास्त. चार इमारती एकदम कोरड्या पडल्या तर संशय मुख्य वाहिनीवर. अण्णांनी कागदावर 'मुख्य जलवाहिनी' लिहून खाली रेघ मारली.

मग महापूर. "किती?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे खूप. रस्ताभर."

"रस्ताभर हे काही माप नाही. बादली आण."

जमिनीतून पसरत येणारं पाणी बादलीत धरता येत नाही, हे मी बादली घेऊन खाली गेल्यावर कळलं. पण तेच पाणी रस्त्याच्या कडेने जाऊन पावसाळी गटाराच्या तोंडाशी धार धरून पडत होतं. तिथे मी पंधरा लिटरची बादली लावली, दुसऱ्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. भर रस्त्यात गटारात बादली धरून मोबाइलकडे बघणाऱ्या माणसाबद्दल लोकांना आस्था वाटते. एकाने विचारलं, "प्यायचं आहे का हो हे?" शेजारच्या इमारतीतल्या काकूंनी काही न विचारता माझ्यामागे स्वतःची बादली ठेवली. त्यांच्या मागे आणखी एक घागर आली. मी मोजमाप आटपून निघालो तेव्हा तिथे शिस्तीत रांग लागलेली होती आणि "तुमची एकच होती ना?" असं मला दटावून विचारण्यात आलं.

बादली भरायला दहा सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला ९० लिटर. आमच्याकडे पाणी दोन तास येतं, तेव्हा रोजचे १०,८०० लिटर. जमिनीत मुरतं ते वेगळंच. अण्णांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "हा बघ तुझा महापूर. आता हा आकडा कुणी तरी खोडून दाखवावा." पण आकड्याआधी त्यांनी 'अंदाजे' घातलं आणि मोजण्याची रीतही लिहायला लावली. नुसता आकडा दिला की लोक म्हणतात फेकलाय. बादली दाखवली की गप्प बसतात.

"पुढचं. 'एक थेंब नाही.' खरंच नाही?"

"येतो. करंगळीएवढी धार येते."

"मग 'कमी दाबाने' लिही. उद्या माणूस बघायला आला आणि तुझ्या नळाला धार दिसली, तर तो लिहील 'तक्रारीत तथ्य आढळले नाही'. त्या शेऱ्यापुढे मग महापूरही टिकत नाही."

माझ्या मेसेजमधला एकच शब्द अण्णांना आवडला, तो म्हणजे 'परत'. त्याच जागी पुन्हा गळती होते तेव्हा दोष बहुधा आधीच्या जोडात असतो, किंवा पाईप इतका वर असतो की गाड्यांचा भार त्याच्यावर येतो. नुसती माती लोटून असं दुखणं जात नाही. म्हणून मागच्या तक्रारीचा क्रमांक शोधणं आलं. तो एका जुन्या एसएमएसमध्ये सापडला, दोन कर्जांच्या आणि एका लॉटरीच्या मधोमध. त्याची नेमणूक 'संदर्भ' या जागी झाली.

राहता राहिलं 'तुम्ही लोक करता तरी काय'. अण्णा म्हणाले, "अर्जदाराला राग येत नसतो. त्याची गैरसोय होते." मी माझे तिन्ही लाल चेहरे तिथे विसर्जित केले. त्यांच्या बदल्यात अण्णांनी एक थंड डोक्याचं वाक्य दिलं. पुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब जातो आणि फुटलेल्या जागेतून खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी तेच पाणी सगळ्यांच्या नळातून येतं. अण्णांच्या मते वाया जाणाऱ्या पाण्याचा अर्ज रांगेत उभा राहतो आणि दूषित पाण्याचा अर्ज रांग मोडून पुढे जातो.

शेवटी मसुदा असा उतरला:

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा विभाग

विषय: मुख्य जलवाहिनीची गळती दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ: यापूर्वीची तक्रार (क्रमांक व दिनांक सोबतच्या प्रतीत).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आमच्या इमारतीच्या प्रवेशद्वारापासून पूर्वेस १२ मीटर अंतरावर, पथदिव्याच्या खांबालगत, मुख्य जलवाहिनीस गळती आहे. मीटरपुढील व्हॉल्व्ह बंद ठेवूनही गळती सुरू राहते. याच ठिकाणी यापूर्वी दुरुस्ती झालेली आहे. बादलीने मोजले असता मिनिटास अंदाजे ९० लिटर, म्हणजे दोन तासांच्या पुरवठ्यात अंदाजे १०,८०० लिटर पाणी वाया जाते. परिसरातील चार इमारतींना कमी दाबाने पाणी मिळते. पुरवठा बंद असताना दूषित पाणी वाहिनीत शिरण्याची शक्यता आहे.

पुरवठ्याची वेळ सकाळी ६ ते ८ आहे. त्यानंतर गळती दिसत नसल्याने जागेवर रंगाने खूण केली आहे. तरी पाहणी करून दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, पत्ता, दूरध्वनी)

सोबत: छायाचित्रे २, पूर्वीच्या तक्रारीची प्रत.

वेळेचं आणि खुणेचं ते वाक्य अण्णांनी मुद्दाम घातलं होतं. गळती दिसायला पाणी चालू असावं लागतं आणि दुरुस्तीला बंद. माणसं येतात ती पाणी गेल्यावर. कोरडा रस्ता बघून "इथे तर काहीच नाही" म्हणून परत फिरतात. तेव्हा रस्त्यावर पिवळा गोल काढणं हाही अर्जाचाच भाग. मी तो काढत असताना मुलांना वाटलं खेळ मांडतोय. त्यांनी आपल्या खेळाची शेजारी आणखी दोन वर्तुळं काढली. ती मला पुसावी लागली, नाहीतर खोदाई तीन ठिकाणी झाली असती.

कार्यालयात आवक खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला आणि दुसऱ्या कामाला लागल्या. मी दुसरी प्रत पुढे केली. "ही कशाला?" "पोच." त्यांनी प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी बजावलं होतं, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. शिक्का, आवक क्रमांक, तारीख, सही, चारही हवं. नुसत्या शिक्क्यावर तारीख पुसट आली की अर्ज कुठल्याही वर्षाचा होतो. बाईंनी शिक्का मारला, तारीख पुसट आली. मी नम्रपणे पेन पुढे केलं. त्यांनी तारीख हाताने लिहिली आणि विचारलं, "घरी कोणी सर्व्हिसला होतं का?"

माणसं आली, आणि आली तीही पाणी गेल्यावर. पिवळा गोल बघून त्यांनी तिथेच घाव घातला. खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसल्यावर पाईप दिसला. मागच्या दुरुस्तीत बसवलेल्या कपलिंगचं रबर जागचं सरकलं होतं. तेवढ्याशा फटीतून रोज एक टँकरभर पाणी जात होतं. फिटरने जुनं कपलिंग काढलं, नवं बसवलं, बोल्ट आवळले आणि व्हॉल्व्ह उघडायला माणूस पाठवला. जोड कोरडा राहिला. मग माती लोटून मंडळी गेली.

काही दिवसांनी कार्यालयाचं पत्र आलं. माझ्या अर्जाचा आवक क्रमांक त्यांच्या 'संदर्भ' या जागी विराजमान झालेला बघून मला भरून आलं. 'सदर गळती दुरुस्त करण्यात आलेली असून आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खोदलेला रस्ता पूर्ववत करणे ही बाब या विभागाशी संबंधित नसल्याने त्याबाबत रस्ते विभागाकडे स्वतंत्रपणे अर्ज करावा.'

मी पत्र अण्णांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं आणि चपला शोधायला लागले.

"टेप घे बरोबर," ते म्हणाले. "लांबी, रुंदी आणि खोली. आणि गाडी आदळते ती कुठल्या बाजूने, तेही बघून ठेवू."