चाक एक घर फिरवलं की बॅरेक उघडते, याला झूम म्हणायचं?

कॉम्प्युटरवर फोनचे गेम चालवणाऱ्या एम्युलेटरच्या मॅपिंग एडिटरमध्ये ‘झूम’ नावाचं ऐटबाज आयकन ओढून स्क्रीनच्या मधोमध टाकायचं, माउसचं चाक त्याला जोडायचं, सेव्ह करायचं. मग गेममधल्या गावाचा नकाशा मोठा करायला चाक एक घर फिरवलं की नकाशा जागचा हलत नाही आणि मधल्या इमारतीचा मेनू मात्र तोंडावर येऊन आदळतो! पाच घरं फिरवली तर हात थांबल्यावरही नकाशा पाऊण सेकंद आपला फुगतच राहतो. आणि मदतीच्या पानावर काय, तर ‘सेन्सिटिव्हिटी वाढवून पाहा’. वाढवा, खुशाल वाढवा, मग एका घरात थेट ढगांतून जमिनीवर.

अहो, गेमला चाक म्हणजे काय ते माहीतच नाही. त्याला फक्त बोटं कळतात. त्यामुळे चाकाच्या प्रत्येक घराला एम्युलेटर दोन खोटी बोटं टेकवतो, एकमेकांपासून लांब सरकवतो आणि उचलतो. इथेच सगळी माती होते. अँड्रॉइडमध्ये बोट ८ डीपीपेक्षा कमी सरकलं तर ते सरकणं धरायचं नाही, असा मूळ ठोकताळा आहे. १२८० × ७२० च्या स्क्रीनवर डीपीआय २४० असेल तर ८ डीपी म्हणजे १२ पिक्सेल. मॅपिंगमध्ये बोटं १० पिक्सेलच सरकत असतील, तर गेमच्या लेखी बोट टेकलं आणि उठलं, म्हणजेच टॅप. खाली बॅरेक असेल तर ती उघडणारच, तिचा काय दोष! काही गेम स्वतःची मर्यादा ठेवतात, पण दुखणं हेच.

म्हणून प्रत्येक बोटाला ८० पिक्सेलच्या आसपास प्रवास द्या. झूम इनसाठी सुरुवात (५८०, ३६०) आणि (७००, ३६०), शेवट (५००, ३६०) आणि (७८०, ३६०). झूम आउटला हेच उलट. मधोमध इमारती दाटल्या असतील तर ही जोडी वर-खाली सरकवून मोकळ्या जमिनीवर न्या. हा प्रवास एका दमात करायचा नाही. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम जेमतेम १६ मिलिसेकंदांची. त्यात सगळं उरकलं तर मधला रस्ता गेमला दिसतच नाही आणि नकाशा उडी मारतो. १५० मिलिसेकंदांत आठ-दहा पावलं ठीक. पण मग पाच घरं म्हणजे पाच वेगळे हावभाव एकामागे एक रांगेत, ७५० मिलिसेकंद. तोच तो पाऊण सेकंद! बोटं टेकलेलीच ठेवून चाक थांबल्यावर उचलायची, एवढी साधी अक्कल कित्येक एडिटरांत नाही. तिथे एका घराचा वेळ ८० मिलिसेकंदांवर आणणं, एवढंच आपल्या हाती.

नेमबाजीच्या गेममध्ये तर याहून मोठा तमाशा. तिथे माउस म्हणजे नजर फिरवणारं एक बोट, आणि त्याला स्क्रीनची कड आहे. नजरेचा बिंदू आडवा ६५ टक्क्यांवर, म्हणजे ८३२ पिक्सेलवर ठेवला, तर उजवी कड तिथून ४४८ पिक्सेल लांब. ८०० डीपीआयचा माउस एका मोजणीला एक पिक्सेल सरकवत असेल तर जेमतेम १.४ सेंटिमीटर हलवला की बोट कडेला. मग ते उचलून पुन्हा मूळ बिंदूवर टेकवावं लागतं. वळता वळता निशाणा क्षणभर गोठतो तो यामुळेच, माउस खराब नाही! त्यात तो बिंदू रीलोडच्या बटणावर ठेवलेला असेल तर ऐन मारामारीत बंदूक आपोआप रीलोड. बिंदू पूर्ण रिकाम्या जागी हवा आणि माउसचा डीपीआय ४०० वर आणला तर तेवढाच प्रवास २.८ सेंटिमीटरचा होतो.

आणि कृपा करून अंदाजपंचे बिंदू हलवत बसू नका. बोटं कुठे पडतात ते आधी बघा:

```
adb shell settings put system pointer_location 1
```

स्क्रीनवर बोटांच्या रेघा उमटतात आणि वरच्या पट्टीत `P: 2 / 2` असं दिसतं; पहिला आकडा आत्ता टेकलेल्या बोटांचा. चालायची W की दाबून माउस हलवा. आकडा १ वरच राहिला तर मॅपिंग दुसरं बोट पाठवतच नाही, गेमला शिव्या घालून उपयोग नाही. २ झाला आणि तरी माणूस चालत नसेल, तर जॉयस्टिक एकीकडे आणि बोट भलतीकडे पडतंय. रिझोल्यूशनचं प्रमाण बदललं की हे हमखास होतं, कारण मॅपिंग टक्क्यांत साठवलेलं असतं आणि गेमची बटणं मात्र कडेपासून मोजून चिकटवलेली. १६:९ वर जीव काढून जुळवलेलं सगळं २०:९ वर मुसळ केरात. बघून झालं की शेवटी १ च्या जागी ० द्या, नाहीतर त्या रेघा तशाच नाचत राहतील.