बेसिक घटवल्यावर ग्रॅच्युइटीचे काय होते

“हातात येणारा पगार वाढतोय, मग बेसिक कमी केल्याने बिघडते काय?”

महागाई भत्ता नसलेल्या ६०,००० रुपयांच्या पगारात बेसिक ३०,००० वरून १८,००० केले, तर पूर्ण बेसिकवर १२ टक्के भरणाऱ्या कंपनीचा पीएफमधील वाटा ३,६०० वरून २,१६० वर येतो. आधीची शिल्लक मात्र शाबूत राहते. जुन्या नियमात ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर मोजली जात असल्याने मागच्या सगळ्याच वर्षांची रक्कम घटत असे, आणि दहा वर्षांच्या नोकरीला १,७३,०७७ ऐवजी १,०३,८४६ रुपये मिळत. मला हेच सर्वांत अन्यायाचे वाटते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्त्यांचा एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असलेला भाग वेतनात धरावा लागतो, म्हणून त्यानंतर नोकरी सोडणाऱ्यांनी हिशेब १८,००० वर झाला की ३०,००० वर, हे अवश्य तपासावे.