रेशीमच्या गाइडची विक्री लोकांना का खुपली? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

प्रतिक्रिया: "सर, चॅनेलवरून गाइड विकण्यावरचा तुमचा लेख वाचूनच गाइड काढलं. माझं रेशीम शेतीचं चॅनेल आहे, बीड जिल्हा, १८ हजार सबस्क्रायबर. अळ्यांची पहिली बॅच घेणाऱ्यांसाठी २९९ रुपयांची पीडीएफ केली. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज टाकलं, 'आज रात्री १२ पर्यंतच २९९, उद्यापासून ९९९' असंही लिहिलं. महिन्यात ११ विकल्या गेल्या. वरून लोक म्हणायलेत, तुम्ही पण दुकान मांडलं का. तुमचे सल्ले पुण्या-मुंबईच्या चॅनेलला ठीक आहेत. मराठवाड्यातला शेतकरी पीडीएफला पैसे देत नसतो."

उत्तर:

दादा, नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य मला पटत नाही. तोच शेतकरी चॉकीच्या, म्हणजे लहानपणी दुसऱ्याने वाढवून दिलेल्या अळ्यांना पैसे देतो, निर्जंतुकीकरणाच्या पावडरीला देतो, अळ्या ज्यावर कोष विणतात त्या नेत्रिकांना देतो. शेडमध्ये उद्या लागणारी वस्तू असेल तर तो मागेपुढे पाहत नाही. तुमची पीडीएफ ज्याच्यापर्यंत गेली त्याला ती उद्या लागणार होती का, एवढंच बघायचं आहे.

१८ हजार हा आकडा त्यासाठी बाजूला ठेवा. त्यात कोष पाहून कुतूहलाने थांबलेले आहेत, तुती लावायचा विचार करणारे आहेत, वीस-वीस बॅच काढलेले जुने लोकही आहेत. तुमच्या गाइडचं गिऱ्हाईक यातल्या एकाच गटात आहे: तुती लावून झालेली, शेड उभं राहत आलेलं, पहिली बॅच अजून घ्यायची आहे. हा गट किती मोठा आहे ते अंदाजाने ठरवू नका. चॅनेलच्या पोस्टमध्ये एक साधा पोल टाका: 'तुमचं रेशीम कुठपर्यंत आलं?' चार पर्याय द्या: तुती लावायची आहे, तुती लावली पण पहिली बॅच व्हायची आहे, एक ते तीन बॅच झाल्या, त्याहून जुना आहे. समजा ४०० जणांनी मत दिलं आणि दुसऱ्या पर्यायावर ४० आले, तर दहातला एकच माणूस तुमचा आहे. उरलेल्या नऊ जणांच्या कानावर रोज तीच जाहिरात पडत होती. 'दुकान मांडलं' हे बहुतेक तेच म्हणत असणार, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे. तुम्ही इतकी वर्षं जे फुकट सांगत आलात त्यातलं काही आता पैशाच्या आड गेलं, असा नुसता संशय आला तरी जुना प्रेक्षक दुखावतो. म्हणून सीमा स्पष्ट आखा आणि ती बोलून दाखवा. शेड किती बाय किती, तुतीची कोणती जात, रोग कसा ओळखायचा, उझी माशीसाठी जाळी कशी लावायची, हे सगळं ज्ञान व्हिडिओत फुकट होतं आणि फुकटच राहणार. विकायचं ते फक्त कामाचं साधन: रोजचा तक्ता, पाल्याचा हिशोब, नोंदीचे कोरे कागद, बॅचआधी आणायच्या सामानाची यादी. असं केलं की गाइड न घेणाऱ्याचं काहीच अडत नाही. घेणाऱ्याचा वेळ आणि गोंधळ मात्र वाचतो.

साधन म्हटलं की ते वापरता आलं पाहिजे. शेडमध्ये हात चुन्याने भरलेले असतात, तेव्हा मोबाइलवर चाळीस पानांची पीडीएफ उघडून बारीक अक्षर मोठं करत कोणी बसत नाही. तक्ता एका ए-फोर पानावर, जाड अक्षरात करा, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे छापून भिंतीला लावता येईल असा. गाइड १४ पानांचं असलं तरी चालेल. पानं वाढवून किंमत पटवून द्यायला गेलात तर वाचणारा अळ्या आल्याच्या पहिल्याच दिवशी ते बाजूला ठेवेल.

आता व्हिडिओत हे सांगायचं कुठे? सुरुवातीला तर नकोच. माणूस शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर घ्यायला आलेला असतो, त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात किंमत ऐकू आली की तो निघून जातो. यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओचा रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती लोक टिकले ते दाखवणारा ग्राफ उघडा आणि गाइडचा उल्लेख जिथे सुरू होतो त्या सेकंदावर बोट ठेवा. सुरुवातीची थोडी घसरण सगळ्याच व्हिडिओंत असते, म्हणून गाइडचा उल्लेख नसलेला तुमचाच जुना व्हिडिओ शेजारी ठेवून दोन्ही रेषा ताडून बघा. जास्तीची घसरण जेवढी, तेवढे लोक तुम्ही विक्रीपायी घालवले.

उल्लेख तिथे करा जिथे गरज स्वतःहून उभी राहते. तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते त्यातला साधारण ८० ते ८५ टक्के पाला ती शेवटच्या, म्हणजे पाचव्या अवस्थेत खाते, आणि ही अवस्था जेमतेम आठवडाभराची. नवा माणूस तिसऱ्या अवस्थेतली खादाडी बघून निर्धास्त राहतो. पाचवीत पाला संपतो, मग शेजाऱ्याच्या तुतीसाठी धावपळ होते, अळ्या उपाशी राहतात आणि कोष हलके भरतात. समजा या विषयावर तुमचा दहा मिनिटांचा व्हिडिओ आहे. सहाव्या मिनिटाला तुम्ही पाल्याचा हिशोब मांडता. तोच हिशोब गाइडमधल्या खऱ्या पानावर करून दाखवा. पान कॅमेऱ्यासमोर धरा, पेनाने रकाने भरा आणि बोलता बोलता एवढंच सांगा: "हा तक्ता माझ्या गाइडमधला आहे. वहीत रेघा मारून तुम्हीही आखू शकता. आयता हवा असेल तर लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे." दहा सेकंद झाले की लगेच पाल्याकडे वळा. व्हिडिओच्या शेवटी पुन्हा आठवण करू नका. ज्याला पाल्याची चिंता आहे त्याला ते दहा सेकंद मदत वाटतात. बाकीच्यांना तर हिशोब फुकट शिकायला मिळालेलाच असतो.

पिन केलेल्या कमेंटची भाषाही बदला. साधारण अशी:

"पहिल्या बॅचचा रोजचा तक्ता आणि पाल्याचा हिशोब, १४ पानं, २९९ रुपये. तीनपेक्षा जास्त बॅच काढल्या असतील तर तुम्हाला याची गरज नाही. तुती अजून लावली नसेल तर आत्ता घेऊ नका, आधी लागवडीचे व्हिडिओ बघा. दोन पानं नमुन्याला इथे ठेवली आहेत."

कोणी घेऊ नये हे लिहिल्याने विक्री बुडेल अशी भीती वाटते. पण जो त्या गटात नाही त्याने घेतलं तर तोच उद्या पैसे परत मागतो, किंवा तुमच्या व्हिडिओखाली 'काही नवीन नाही' असं लिहितो. ती एक कमेंट दहा खऱ्या गिऱ्हाइकांना थांबवते. 'एकरी एवढे लाख' हे तर कुठेच लिहू नका. जालन्याच्या कोष बाजारात भाव खालीवर होतो आणि तो तुमच्या हातात नसतो. हातात आहे ते तक्त्याने होणारं काम. वचन तेवढ्याचंच द्या.

एक तांत्रिक बाब. तुमची बरीच व्ह्यूज शॉर्ट्सवरून येत असतील, तर तिथे लिंक टाकून उपयोग नाही. ३१ ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या कमेंट आणि डिस्क्रिप्शनमधल्या लिंकवर दाबता येत नाही. शॉर्टला संबंधित मोठा व्हिडिओ जोडा आणि लिंक त्या व्हिडिओखाली ठेवा.

आता ते रात्री बाराचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी लिंक उघडली आणि किंमत २९९ च दिसली, तर तुमच्या पुढच्या प्रत्येक वाक्यावर त्याचा विश्वास उरत नाही. तुमचं सगळं भांडवल विश्वास आहे, त्यामुळे हे मला सगळ्यात जास्त खटकलं. शिवाय हा नुसता सभ्यतेचा प्रश्न नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांचे १३ प्रकार दिले आहेत, आणि खोटी घाई लावणं हा त्यातलाच एक. पीडीएफ कधी संपत नाही, मग मुदत कशाची? सुरुवातीची कमी किंमत ठेवायची असेल तर तारीख जाहीर करा आणि त्या तारखेला किंमत खरोखर वाढवा. नाहीतर २९९ हीच किंमत वर्षभर ठेवा, त्यात काही बिघडत नाही.

ग्रुपवरची रोजची पोस्ट आजच बंद करा. ग्रुप अडचणी विचारायला आहे, तो तसाच राहू द्या. त्याऐवजी व्हिडिओत सांगा की पहिली बॅच घेणाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'बॅच' एवढं लिहून पाठवावं आणि तुमचा नंबर सेव्ह करावा. सेव्ह करणं गरजेचं आहे, कारण ब्रॉडकास्टचा मेसेज नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोहोचतो, आणि एका यादीत २५६ च जण मावतात. ज्यांनी स्वतःहून लिहिलं त्यांना आठवड्यात तीन मेसेज पाठवा. पहिल्यात नमुन्याची दोन पानं आणि किंमत. दोन दिवसांनी दुसऱ्यात, लोकांनी सगळ्यात जास्त विचारलेल्या एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर, विकत न घेताही उपयोगी पडेल असं. सातव्या दिवशी तिसरा: "गाइडबद्दल हा शेवटचा मेसेज. हवं असेल तर लिंक खाली आहे. नको असेल तरी बॅचमध्ये काही अडलं तर ग्रुपवर विचारा." यानंतर त्या यादीला गाइडचा विषय खरंच काढू नका.

ज्या ११ जणांनी घेतलं त्यांना मात्र फोन करा. पुन्हा विकायला नाही, तर कोणत्या पानावर अडलात हे विचारायला. तिघांनी एकच पान सांगितलं तर ते पान पुन्हा लिहा आणि सुधारलेली प्रत त्या अकरा जणांना फुकट पाठवा.

राहिला वेळ. तुम्ही कोणत्या महिन्यात गाइड काढलं ते लिहिलं नाही, पण आपल्याकडे त्यावर बरंच अवलंबून असतं. जूनमध्ये घरातला पैसा बी-खतात गेलेला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात बरेच जण बॅचच घेत नाहीत, मग बॅचचा तक्ता कोण विकत घेणार? पावसाळ्यात लावलेली तुती दिवाळीच्या आसपास वाढलेली असते, सोयाबीनचे थोडे पैसे हातात आलेले असतात आणि शेडचं काम चालू असतं. म्हणून जून ते ऑगस्ट लागवडीचे व्हिडिओ टाका, त्यात गाइडचं नावही काढू नका. सप्टेंबरअखेर तो पोल घ्या. पाचव्या अवस्थेचा व्हिडिओ आणि 'बॅच'ची यादी ऑक्टोबरमध्ये सुरू करा.