कॅप्शन आणि ढेकर

फोटो शुक्रवारीच काढून ठेवला होता. माझ्या खांद्यावर सात आठवड्यांची लेक, तिच्याखाली दुपटं, माझ्या तोंडावर जागरण. वर फक्त दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या. जूनचा तिसरा रविवार म्हणजे फादर्स डे. यंदा तो २१ तारखेला आला, त्यामुळे सकाळपासून सगळ्या ग्रुपांवर योग दिनाची वृक्षासनं उगवली होती. मी पहाटे तीनपासून एका पायावर होतो, पण ते आसनात धरत नाहीत.

पहिला प्रयत्न केला, ‘आज माझ्यातल्या बाबाचा जन्म झाला.’ बायकोने वाचला आणि विचारलं, “टाके कुणाला पडले होते रे?” खोडला.

दुसरा, ‘माझी परी, माझं जग.’ “हे कोपऱ्यावरच्या रिक्षामागे लिहिलंय,” ती म्हणाली. खरंच लिहिलंय.

तिसरा साधा होता, ‘तुझा बाबा.’ तिथे मीच अडकलो. आमच्या घरात बाबा म्हणजे गॅलरीत पेपर घेऊन बसलेला माणूस. बायको लेकीला म्हणते, “जा बाबांकडे,” की पेपर खाली होतो आणि आम्ही दोघंही हात पुढे करतो. प्रसूतीच्या दिवशी सिस्टरने दारातून विचारलं होतं, “बाळाचे बाबा कोण?” मी म्हणालो, “ते खाली चहाला गेलेत.” ही गोष्ट सासरी अजून दर रविवारी सांगितली जाते.

खरं सांगायचं तर घरात माझ्याकडे एकच खातं आहे, ढेकराचं. दूध पाजणं माझ्या हातात नाही, मालिश-आंघोळीला मावशी येतात, टाळूला तेल लावायचा हक्क आईने राखून ठेवलाय. दुधाबरोबर बाळ हवाही गिळतं, ती बाहेर काढायची एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. खांद्यावर उंच घ्यायचं, म्हणजे तिचं पोट आपल्या खांद्यावर हलकं दाबलं जातं. एक हात बुडाखाली, दुसऱ्याने थोपटायचं. मी सुरुवातीला पाठीवर असा हात ठेवायचो, जसा झोपलेल्या वाघाच्या. दहा मिनिटं ढेकर नाही. मग मी तिला निजवायचो, ती पाय पोटाशी ओढून, लालबुंद होऊन किंचाळायची आणि उचलताच माझ्या शर्टावर गुळणी टाकायची. पहिल्यांदा ते दह्यासारखं फाटलेलं दूध बघून मी डॉक्टरांना रात्री फोन लावला होता. दूध पोटात थोडा वेळ राहिलं की फाटतंच, वजन नीट वाढतंय ना, मग झोपा, असं ते म्हणाले. आवाजावरून तेही झोपेतच होते.

त्या रात्री, म्हणजे फादर्स डेच्या पहाटे, मी असाच घरभर फिरत होतो. अंधारातून बाबा आले. पाणी प्यायला, असं म्हणाले. माझ्याकडे बघत दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, “बोटांनी टिचक्या काय मारतोस? तळवा खोलगट कर. कमरेपासून वर ने.”

मी तसं केलं. तिसऱ्या फेरीला ढेकर आला. एवढ्याशा जिवातून, पंगतीतून उठलेल्या माणसाचा.

“तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं.

“तुला काय आपोआप यायचे?” असं म्हणून पाणी न पिताच ते झोपायला गेले.

बत्तीस वर्षांत माझ्या लहानपणाबद्दल ते बोललेलं हे पहिलं वाक्य. माझ्या वेळचा असा एकही फोटो घरात नाही. कॅमेरा होता, पण फोटो काढायचे ते, त्यामुळे त्यांचा कोण काढणार?

दुपारी बायको म्हणाली, “टाकणारेस की पुढच्या वर्षी?” फोनवर आमची नोंदवही उघडी होती. दिवसाला सहा-आठ लंगोट ओले झाले की दूध पुरेसं जातंय असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून आम्ही दोघं त्यात सगळं लिहितो. त्यातल्या शेवटच्या ओळी मी उचलल्या आणि फोटोवर टाकल्या:

‘२.४० दूध. ३.०० ढेकर नाही. ३.१० ढेकर नाही. ३.२० शर्ट बदलला. ३.३५ आला!!’

शंभरेक लोकांनी बदाम दिले. एका मित्राने विचारलं, कोण आला? आत्याने नमस्काराचे हात पाठवले, बहुधा योग दिनाचे.

संध्याकाळी गॅलरीतून पेपरचा आवाज थांबला आणि माझा फोन वाजला. बाबा सहसा कुठेच काही लिहीत नाहीत. फोटोखाली त्यांचे दोनच शब्द होते, ‘मान धर.’

मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच, हात खाली घसरला होता.